माल भरावा की एफडी करावी? संधी खर्च काढायची रीत

मे महिना लागला की चिपळूणच्या बाजारपेठेत छत्र्या, रेनकोट आणि ताडपत्र्यांचा माल उतरायला लागतो. पुढची गोष्ट रचलेली आहे, आकडेही सोयीसाठी गोल केलेत. पण हिशेबाची रीत कुठल्याही दुकानाला चालेल. संधी खर्च म्हणजे एक पर्याय निवडताना सोडलेल्या सगळ्यात चांगल्या पर्यायातून जे मिळालं असतं ते.

दुकानदाराकडे दोन लाख मोकळे होते. होलसेलवाला म्हणाला, "शेठ, सगळ्याचा माल उचला, खरेदीवर पंचवीस टक्के सुटतात." धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एफडी कर. सात टक्क्यांनी वर्षाला चौदा हजार, डोक्याला ताप नाही." एकीकडे पन्नास हजार, दुसरीकडे चौदा हजार. बघायला सोपं, पण हे दोन्ही आकडे असे शेजारी मांडताच येत नाहीत.

आधी मुदत सारखी करा. पावसाळी मालातले पैसे मे ते ऑगस्ट, म्हणजे चार महिने अडकतात. एफडीही तेवढ्याच मुदतीची धरायची. कमी मुदतीला दर सहसा कमी असतो, म्हणून सहा टक्के धरू. लाखाला चार महिन्यांत दोन हजार. उलट माल एकाच हंगामाचा असेल आणि उरलेले आठ महिने पैसे बँकेत राहणार असतील, तर ते व्याज दोन्हीकडे सारखंच येतं. ते मोजायची गरज नाही.

मग रकमेचे तुकडे पाडा. सगळी मेख इथे आहे. गेल्या दोन-तीन वर्षांची विक्रीची वही काढा. वहीत दिसलं की पहिल्या लाखाचा माल जुलैच्या मध्यापर्यंत हमखास जातो. पंचवीस हजार सुटतात, त्यातून जादा पोऱ्याचा पगार आठ हजार आणि भाडं-हमाली दोन हजार वजा केली की उरतात पंधरा हजार.

दुसऱ्या लाखाची कथा वेगळी. त्यातला सत्तर हजारांचाच माल खपतो, त्यावर सुटतात साडेसतरा हजार. उरलेल्या तीस हजारांच्या छत्र्यांच्या काड्या गंजतात, रेनकोट घडीला चिकटतात. तो माल खरेदीच्या निम्म्या भावात काढावा लागतो, म्हणजे पंधरा हजारांची खोट. भाडं-हमालीचे आणखी दीड हजार गेले की हातात राहतात फक्त एक हजार. वहीत हा नफाच दिसतो, म्हणून दरवर्षी पूर्ण माल भरला जातो. एफडीतले दोन हजार सोडून आपण हे एक हजार मिळवतोय, हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

अंदाज नेहमी बेताच्या वर्षाचा धरा. आणि नदीकाठच्या गावात मालाचा विमा खर्चात घालायला विसरू नका. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती.

आता सोडलेला सगळ्यात चांगला पर्याय शोधा. रात्री हिशेब चालू असताना बायको म्हणाली, "अहो, आपलं सीसी खातं आहे ना? त्यावर बँक किती घेते?" साडेदहा टक्के. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेत हवी तेव्हा उचल देणारं कर्जखातं. त्यावर व्याज वापरलेल्या रकमेवर लागतं, म्हणजे त्यात लाख भरला तर चार महिन्यांत साडेतीन हजार वाचतात. दुकानदार गप्पच झाला. सहा टक्क्यांनी ठेव ठेवायची आणि साडेदहा टक्क्यांनी उचल वापरायची, हा उद्योग त्याच्यासारखे कितीतरी जण करतात.

म्हणजे दुसऱ्या लाखाच्या मालाचा संधी खर्च दोन हजार नव्हे, साडेतीन हजार. दोन्हींची बेरीज करून साडेपाच हजार धरायचे नाहीत, कारण तोच लाख एका वेळी एकाच ठिकाणी जातो. सोडलेल्या पर्यायांपैकी सर्वांत जास्त देणारा तेवढा मोजायचा. मालातले हजार वजा साडेतीन हजार, म्हणजे अडीच हजारांचा तोटा. एफडीलाही दीड हजारांची खोट येते. पहिला लाख मात्र मालातच जायला हवा, पंधरा हजारांपुढे साडेतीन हजार काहीच नाहीत.

सीसी नसेल तर उधारीचं थकलेलं बिल किंवा रोखीची सूट तपासा. महिनाभर आधी रोख दिल्यावर दोन टक्के सुटत असतील, तर तो दर एफडीच्या कितीतरी पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने लाखाची ऑर्डर दिली, लाख सीसीत भरला आणि होलसेलवाल्याला विचारलं, "पाऊस चांगला लागला तर जूनमध्ये माल मिळेल?"

"मिळेल, पण तीन टक्के वर."

पन्नास हजारांचा माल मागवला तर दीड हजार जास्त जातील, तरी अकरा हजार सुटतील आणि माल अंगावर पडणार नाही. सीसीतून पैसे हवे तेव्हा उचलता येतात, एफडी मोडली असती तर बहुतेक बँकांनी व्याज कापलं असतं. त्याने होलसेलवाल्याला तीन टक्क्यांचा भाव लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगितलं.