व्यवहारातला निव्वळ नफा कसा मोजावा

शेअरच्या खरेदी-विक्रीतील दलाली आणि कर बिलात छापलेले असतात. स्लिपेज, म्हणजे ऑर्डर देताना दिसणारा भाव आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा भाव यांतला फरक, मात्र कोणत्याही बिलात दिसत नाही. म्हणून हिशेबाची सुरुवात ऑर्डर देण्यापूर्वीच करावी आणि त्या क्षणी पडद्यावर दिसणारा भाव लिहून ठेवावा. ही नोंद नसेल तर स्लिपेज किती गेले हे नंतर कळण्याचा मार्ग उरत नाही.

समजा, भाव ५०० दिसत असताना आपण २०० शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने लगेच घेण्याची ऑर्डर, दिली. त्या भावाला विक्रीस पुरेसे शेअर नसल्याने उरलेले वरच्या भावाने घ्यावे लागले आणि सरासरी ५००.७५ पडली. पुढे ५१० भाव दिसत असताना विकले, तेव्हा हाती सरासरी ५०९.२५ आले. दिसणाऱ्या भावांनुसार नफा २,००० होतो. प्रत्यक्षात खरेदी १,००,१५० ची आणि विक्री १,०१,८५० ची झाल्याने तो १,७०० आहे. मधले ३०० स्लिपेजमध्ये गेले. ही रक्कम झालेल्या व्यवहाराच्या भावात आधीच सामावलेली असल्याने १,७०० मधून ती पुन्हा वजा करू नये.

आता शुल्के पाहू. ती नफ्यावर नव्हे, तर खरेदी आणि विक्री मिळून होणाऱ्या उलाढालीवर, म्हणजे येथे २,०२,००० वर, आकारली जातात. दलाली ०.१ टक्का आणि व्यवहार करही तितकाच धरला, तर प्रत्येकी २०२ जातात व १,२९६ उरतात. (दर उदाहरणापुरते आहेत, आपले दर बिलातून घ्यावेत.)

शेवटी नफ्यावरील कर. येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: काही कायद्यांत दलाली नफ्यातून वजा करता येते, व्यवहार कर मात्र वजा करू देत नाहीत. तसा नियम असल्यास करपात्र नफा १,२९६ नसून १,४९८ ठरतो. २० टक्क्यांनी त्यावर २९९.६० कर बसतो आणि निव्वळ हाती ९९६.४० येतात, म्हणजे दिसणाऱ्या नफ्याच्या जेमतेम निम्मे.

याच आकड्यांवरून ना-नफा-ना-तोट्याची पातळीही काढता येते. प्रत्येक शेअरमागे स्लिपेजचे १.५० आणि शुल्कांचे सुमारे २ मिळून साडेतीनचा खर्च आहे. त्यामुळे भाव ५०३ दिसत असताना विकले, तर पडद्यावर ६०० चा नफा भासेल, पण प्रत्यक्षात १०१ चा तोटा होईल. थोड्या वाढीवर वारंवार विकणाऱ्याला हा खर्च प्रत्येक फेरीत नव्याने सोसावा लागतो.

स्लिपेज टाळण्यासाठी लिमिट ऑर्डर देता येते. तिच्यात ठरवलेल्या भावापेक्षा महाग खरेदी होत नाही. मात्र भाव वर निघून गेला, तर ऑर्डर अर्धवट किंवा पूर्णच राहून जाते. ज्या शेअरच्या खरेदी आणि विक्रीच्या भावांत अंतर मोठे आहे, तेथे ही जोखीम पत्करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.