नव्या व्हर्जनचा बॅकअप जुन्या फोनवर चढवताय? या चुका टाळा

एक नेहमीची अडचण घेऊ. जुना फोन अँड्रॉइड 7 वर थांबलाय. खर्चाच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नव्या व्हर्जनला किमान अँड्रॉइड 8 लागतं, त्यामुळे या फोनवर प्ले स्टोअर त्याला चालणारं शेवटचं जुनं व्हर्जनच देतं. बॅकअपची फाइल मात्र नव्या फोनवर, नव्या व्हर्जनने बनवलेली आहे. नवा फोन आता हाताशी नाही आणि नोंदी जुन्या फोनवर हव्यात.

फाइल बहुतेक वेळा शाबूत असते. अडचण वाचणाऱ्याची असते. अँड्रॉइडवरची बरीच अ‍ॅप्स आपला डेटा एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतात आणि त्या डेटाबेसच्या आत एक आकडा कोरलेला असतो: रचना कितव्या आवृत्तीची आहे तो. आपल्या उदाहरणात जुनं अ‍ॅप 7 नंबरची रचना ओळखतं आणि बॅकअप 9 नंबरचा आहे. 7 वरून 8 आणि 8 वरून 9 वर कसं जायचं, हे नव्या अ‍ॅपमध्ये लिहिलेलं असतं. 9 वरून 7 वर उतरायचा जिना सहसा कोणी बांधत नाही. आणि जुन्या अ‍ॅपला तर 9 मध्ये काय आहे हे कळण्याची सोयच नाही, कारण ते लिहिलं गेलं तेव्हा 9 अस्तित्वातच नव्हतं.

चूक पहिली: ‘करून तर बघू’ म्हणून थेट रिस्टोअर

थेट रिस्टोअर केल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडते. चांगल्या अ‍ॅपमध्ये आधीच नंबर तपासला जातो आणि स्पष्ट नकार मिळतो. सिग्नल अशा वेळी Cannot import backups from newer versions of Signal असं सरळ सांगतं. हा नकार म्हणजे नशीबच, कारण फोनवरचं काही हललेलं नसतं.

दुसरा प्रकार: अ‍ॅप फाइल जागेवर ठेवतं, मग उघडायला जातं आणि कोसळतं. नंतर दर वेळी उघडताच बंद. फोन संगणकाला जोडून लॉग पाहिला, तर त्यात अशी एखादी ओळ सापडते:

```
Can't downgrade database from version 9 to 7
```

ही ओळ दिसली की निदान पक्कं. फाइल खराब नाही, पासवर्ड चुकलेला नाही, नंबर जास्त आहे. पण आता अ‍ॅप उघडण्यासाठी सेटिंग्जमधून त्याचा डेटा पुसावा लागतो आणि फोनवर आधीपासून असलेल्या नोंदीही त्याबरोबर जातात.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो गुपचूप घडतो. काही अ‍ॅप्समध्ये ‘रचना जुळत नसेल तर डेटाबेस पुसून नव्याने बनव’ अशी सोय लिहिलेली असते. अ‍ॅप व्यवस्थित उघडतं, एरर येत नाही, फक्त आत एकही नोंद नसते. लोकांना वाटतं बॅकअपच रिकामा होता, आणि ते फाइल डिलीट करून मोकळे होतात.

म्हणून रिस्टोअरचं बटण दाबण्याआधी दोन कामं करायची. जुन्या फोनवर आत्ता जे आहे त्याचा जुन्याच व्हर्जनने वेगळा बॅकअप घ्यायचा. आणि नव्या बॅकअपची एक प्रत संगणकावर ठेवून मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रयोग करायचे ते प्रतीवर.

चूक दुसरी: ऑटो बॅकअप चालू राहू देणं

वरचा तिसरा प्रकार घडला आणि अ‍ॅपचा रोजचा ऑटो बॅकअप चालू असेल, तर रात्री काय होईल? रिकामं अ‍ॅप क्लाउडवर जाऊन आपला रिकामा बॅकअप ठेवेल. एकच ताजी प्रत ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये चांगल्या बॅकअपवर पाणी पडलं. खरं नुकसान बहुतेक वेळा इथे होतं, रिस्टोअर फसला त्या क्षणी नव्हे. कामाला लागण्याआधी जुन्या फोनवर अ‍ॅपमधला ऑटो बॅकअप आणि सिंक, दोन्ही बंद करा.

अँड्रॉइडचा स्वतःचा गूगल बॅकअप याबाबतीत सावध आहे. अ‍ॅप बनवणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिलेली नसेल, तर नव्या व्हर्जनने ठेवलेला डेटा तो जुन्या व्हर्जनमध्ये उतरवतच नाही. म्हणूनच कधी कधी नव्याने इन्स्टॉल केलेलं अ‍ॅप कोरं दिसतं आणि कसलाही संदेश येत नाही.

चूक तिसरी: आकडा बदलून अ‍ॅपला फसवणं

ही चूक थोडं तंत्र जाणणारेच करतात. बॅकअपची फाइल सुट्टा एसक्यूलाइट डेटाबेस असेल, तर तिच्या पहिल्या पंधरा अक्षरांत SQLite format 3 असं लिहिलेलं असतं. PK या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती झिप आहे. प्रत उघडून आतला डेटाबेस काढा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर बहुधा एनक्रिप्टेड किंवा अ‍ॅपच्या स्वतःच्या पद्धतीची फाइल आहे आणि हा रस्ता तिथेच संपतो. झिपमध्ये -wal ने संपणारी फाइल सोबत असेल तर तीही डेटाबेसशेजारी त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. शेवटचे काही बदल तिच्यातच असू शकतात.

संगणकावर आकडा वाचायला एवढी ओळ पुरते:

```
sqlite3 backup.db "PRAGMA user_version;"
```

वाचणं सुरक्षित आहे आणि ते जरूर करावं. आपल्या उदाहरणात उत्तर 9 येतं. मोह होतो तो इथेच 7 लिहून टाकायचा. आकडा बदलता येतो, पण आतली रचना 9 चीच राहते.

समजा आठव्या रचनेत नोंदीची तारीख सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत ठेवायला सुरुवात झाली. नवव्यात खर्चाचा प्रकार वेगळ्या टेबलमध्ये गेला. आकडा 7 केल्यावर जुनं अ‍ॅप उघडलंच, तर 1700000000000 हा मिलिसेकंदांतला आकडा ते सेकंद समजून वाचेल. नोव्हेंबर 2023 मधली नोंद मग पन्नास हजारांच्या पुढच्या सालात जाऊन बसेल. प्रकाराचा जुना रकाना नसल्यामुळे यादी उघडताच no such column असा एरर येईल. यातला दुसरा एरर त्यातल्या त्यात बरा, तो निदान थांबवतो. तारखेसारखी चूक सगळीकडे मुरते, आणि त्यावर महिनाभर नव्या नोंदी झाल्या की कोणती खरी आणि कोणती बिघडलेली हे शोधणं जिकिरीचं होतं.

रूम ही लायब्ररी वापरणारी अ‍ॅप्स आकड्याबरोबर रचनेचा ठसाही तपासतात. तिथे आकडा बदलला तरी Room cannot verify the data integrity असं म्हणून अ‍ॅप बंद पडतं. आणि समजा सगळं निभावलं, तरी पुढे फोन बदलून अ‍ॅप अपडेट केलंत की 7 वरून 8 वर जायची पायरी पुन्हा चालते. त्या पायरीत रकाना वाढवलेला असेल, तर आधीच असलेला रकाना ती पुन्हा घालायला जाते आणि duplicate column name म्हणून अडते. नुसता रकाना वाढला असेल तेव्हा ही युक्ती कधी कधी चालते, हे खरं. पण मधल्या दोन आवृत्त्यांत नेमकं काय बदललं हे माहीत नसताना हा जुगार आहे.

चूक चौथी: अनइन्स्टॉल करून कुठलीतरी एपीके शोधणं

एपीके म्हणजे अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल. अँड्रॉइड 8 मागणारी एपीके अँड्रॉइड 7 वर बसत नाही. संगणकावरून प्रयत्न केलात तर INSTALL_FAILED_OLDER_SDK असं उत्तर येतं, आणि जुनं अ‍ॅप काढून टाकल्याने त्यात फरक पडत नाही. उलट अनइन्स्टॉलबरोबर फोनवरचा डेटा जातो. भलत्या साइटवरच्या ‘सुधारित’ एपीकेची सही मूळ अ‍ॅपपेक्षा वेगळी असते. म्हणून ती जुन्यावर अपडेट म्हणून बसत नाही, आणि जुनं काढून ती बसवली तर तुमचा सगळा हिशेब अनोळखी माणसाच्या हातात जातो.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. जुन्या फोनवरचं व्हर्जन खरंच त्या फोनला चालणारं शेवटचं आहे का? अपडेट बंद करून ठेवलेले असतील, तर प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅपचं पान उघडून बघा. मधलं, 9 नंबर ओळखणारं व्हर्जन तिथे मिळालं तर पुढचं सगळं टळतं.

मग चालणारा रस्ता कोणता?

बॅकअप वाचू शकणारी जागा आधी उभी करायची, आणि तिथून डेटा साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढायचा. घरातल्या कोणाचा अँड्रॉइड 8 किंवा पुढचा फोन चालेल. फक्त त्यावर तेच अ‍ॅप आधीपासून वापरात नसावं. नसेल तर संगणकावर अँड्रॉइड स्टुडिओमधला एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच चालणारा अँड्रॉइड फोन. त्यात प्ले स्टोअर असलेली सिस्टिम इमेज निवडा, अ‍ॅप इन्स्टॉल करा आणि बॅकअपची फाइल माउसने ओढून एम्युलेटरच्या खिडकीत सोडा. ती डाउनलोड फोल्डरमध्ये जाते. अ‍ॅप बॅकअप बनवणाऱ्या व्हर्जनइतकं किंवा त्याहून नवं असलं की रिस्टोअर सरळ होतो.

आता अ‍ॅपमधून सीएसव्ही एक्स्पोर्ट घ्या. बॅकअप आणि एक्स्पोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेनूतही सहसा वेगळ्या असतात. सीएसव्हीमध्ये तारीख, रक्कम, प्रकार, टीप असं उघड्या अक्षरांत येतं. आतली रचना 7 ची की 9 ची, याचा तिथे संबंध राहत नाही.

ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह करू नका. स्प्रेडशीट तारखेचा क्रम आपल्या सेटिंगप्रमाणे फिरवते, आकड्यापुढची शून्यं खाते आणि देवनागरी अक्षरांचा कचराही करू शकते. बघायचीच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये. मग जुन्या अ‍ॅपमधून छोटा एक्स्पोर्ट घेऊन दोन्ही फाइलींची पहिली ओळ शेजारी ठेवा. नव्या फाइलमध्ये एखादा जास्तीचा रकाना असेल तर तो काढा, नावं आणि क्रम जुन्यासारखे करा.

आधी फक्त दहा नोंदींची फाइल बनवून जुन्या फोनवर इम्पोर्ट करा. त्या दहांत एक नोंद मराठी टिपेची, एक दशांश रकमेची आणि एक बाराव्या तारखेच्या आतली असू द्या. शेवटची मुद्दाम, कारण 05/03 मधला दिवस कोणता आणि महिना कोणता ही गफलत 25 तारखेच्या नोंदीत दिसतच नाही. दहा नोंदी बरोबर उतरल्या की त्या पुसून पूर्ण फाइल घाला. नाहीतर त्याच दहा दोनदा येतील. मग दोन्हीकडची एकूण नोंदींची संख्या आणि कोणत्याही एका महिन्याची बेरीज जुळवा.

या रस्त्याने पावत्यांचे फोटो येत नाहीत, ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या नोंदींचे नियम येत नाहीत आणि अ‍ॅपमधल्या सेटिंग्जही नाहीत. फोटो झिप बॅकअपमधून किंवा एम्युलेटरमधून वेगळे काढून ठेवता येतात, पण जुन्या अ‍ॅपमधल्या नोंदींना ते हाताने जोडावे लागतील. ज्या अ‍ॅपमध्ये परत इम्पोर्ट करता येईल असा एक्स्पोर्टच नाही, त्याचा डेटा त्या दुसऱ्या फोनवर किंवा एम्युलेटरमध्येच ठेवावा लागेल. मेसेजिंग अ‍ॅप्सचं बहुतेक असंच असतं.