पाच मिनिटांच्या रेडिओ भाषणाला किती शब्द लागतात?

आकाशवाणीच्या शेती कार्यक्रमात पऱ्हाटीवरच्या गुलाबी बोंडअळीवर पाच मिनिटं बोलायचं आहे, असं धरू. इंग्रजी भाषणांसाठी मिनिटाला 130 ते 150 शब्द सांगतात, तो हिशेब मराठीला लावू नका. ‘शेतकऱ्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द, पण तोंडातून निघायला त्याला वेळ लागतो. म्हणून आधी स्वतःचा वेग मोजा.

मसुद्याच्या मधला भाग घ्या. ज्या आवाजात बोलणार, त्याच आवाजात मोबाइलवर वेळ लावून दोन मिनिटं वाचा. मनातल्या मनात वाचलं तर वेग खोटाच निघतो. वाचलेले शब्द 220 भरले, तर तुमचा वेग मिनिटाला 110. वाक्यावाक्याला घेतलेला श्वास यात आलाच आहे. तो पुन्हा वेगळा धरला की भाषण तोकडं पडतं. ही चूक फार जण करतात.

वेगळे धरायचे ते मुद्दाम घेतलेले थांबे. नमस्कारानंतर 2 सेकंद. मुद्दा बदलतो अशा तीन जागी 3-3, म्हणजे 9. ऐकणाऱ्याने आकडा वहीत टिपावा म्हणून दोन ठिकाणी 5-5, म्हणजे 10. झाले 21. शेवटी 9 सेकंद हाताशी ठेवा. 300 मधून 30 गेले, उरले 270 सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटं. साडेचार गुणिले 110, म्हणजे 495 शब्द.

आता कागदावरचे आकडे बघा. ‘1,250’ मोजताना एक शब्द, बोलताना ‘एक हजार दोनशे पन्नास’ असे चार. त्यामुळे सगळे आकडे अक्षरांत लिहूनच शब्द मोजावेत. ‘एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री’ ही फवारणीची वेळ ओळखायची खूण दोनदा सांगायलाच हवी. रेडिओ ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. दुसऱ्यांदा म्हणायला चारएक सेकंद लागतात, म्हणून तेही आठ शब्द हिशेबात धरा.

श्वासाची खरी परीक्षा लांब वाक्यात होते. ‘पेरणीनंतर दीड महिन्याने हेक्टरी पाच कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच बांधून रोज सकाळी त्यातले पतंग मोजून वहीत लिहावेत’ हे एका दमात म्हणून पाहा. ‘मोजून’पाशी आवाज बारीक होतो, नाहीतर भलत्याच शब्दावर श्वास तुटतो. ‘बांधावेत’ म्हणून वाक्य तिथंच संपवा आणि ‘रोज सकाळी’पासून नवं सुरू करा. श्वासाच्या जागी एक तिरपी रेघ, मोठ्या थांब्याला दोन.

मग रेघा पाळून सगळं मोठ्यानं वाचा. 20 सेकंद जास्त झाले, तर साधारण 37 शब्द कमी करायचे आहेत. वेग वाढवून ते भरून काढू नका, नेमके आकडेच त्यात गिळले जातात. एखादं अख्खं उदाहरण काढून टाका आणि पुन्हा वेळ लावा.