अचानक रोकड मोजणी आणि पाच हजारांची तूट

अंतर्गत लेखापरीक्षणात नव्याने आलेल्यांना रोकड मोजणी हे सोपे काम वाटते. मोजणी खरोखरच सोपी असते, कस लागतो तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांत.

धान्याच्या एका घाऊक पेढीत आम्ही सकाळी 11 वाजून 20 मिनिटांनी रोखपालांच्या टेबलाशी गेलो. पहिली विनंती केली ती व्यवहार थांबवण्याची. त्यानंतर शेवटच्या पावतीचा आणि शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक लिहून घेतला, किरकोळ खर्चाची पेटीही त्याच टेबलावर मागवली, कारण एक पेटी मोजत असताना दुसरीतून पैसे इकडे आले तर तूट झाकली जाते. रोकडवहीतील शिल्लकही नोटा मोजण्यापूर्वीच रोखपालांकडून काढून घेऊन तिच्याखाली त्यांची सही घेतली. ती 64,930 रुपये होती.

नोटा रोखपालांनीच मोजाव्यात आणि आपण समोर बसून पाहावे, मग आपण पुन्हा मोजावे. बँकेची पट्टी लावलेली गड्डीसुद्धा सोडून मोजावी. रोखपाल उठून गेले, तर पेटीला कुलूप लावून मोजणी थांबवावी. त्यांच्या गैरहजेरीत मोजलेल्या रकमेला काहीही अर्थ राहत नाही.

मोजणीत 59,930 रुपये भरले, म्हणजे 5,000 रुपये कमी. पुन्हा मोजले, आकडा तोच आला. आता 'पैसे कुठे गेले?' असे विचारू नये. 'नोंद न झालेले काही कागद आहेत का?' असे विचारावे. त्याच दिवशीचे, मंजुरीची सही असलेले 1,200 रुपयांचे हमालीचे व्हाउचर वहीत चढायचे राहिले होते. पेटीच्या तळाशी चार घड्या घातलेली एक चिठ्ठी सापडली, एका सहकाऱ्याने घेतलेल्या 2,000 रुपयांच्या उचलीची. उरलेल्या 1,800 ला 9 ने पूर्ण भाग जात असल्याने आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय आला आणि पावतीपुस्तकाशी ताडून पाहता 5,700 रुपयांची पावती वहीत 7,500 अशी लिहिलेली आढळली. ती नोंद न गिरवता, आडवी रेघ मारून व सही करून दुरुस्त करवली.

चिठ्ठीचे काय करायचे, हाच खरा प्रश्न होता. रोखपाल म्हणाले, "साहेब, तो आत्ता आणून देतो, एवढे लिहू नका." त्यांची अडचण मला समजत होती, तरीही मंजुरी नसलेली चिठ्ठी म्हणजे रोकड नव्हे, म्हणून 2,000 रुपये तूट म्हणूनच लिहिले. मोजणीपत्रकाच्या दोन प्रती केल्या, त्यांत नोटांचे मूल्यवार नग, वेळ, दोन्ही क्रमांक व तिन्ही फरक लिहिले आणि 'रोकड माझ्यासमोर मोजून मला पूर्ण परत मिळाली' या वाक्याखाली रोखपालांची सही घेतली. त्यांचा खुलासा त्यांच्याच हस्ताक्षरात जोडला आणि व्यवस्थापकांना त्याच दिवशी कळवले.

दुपारी 3 वाजता ती रक्कम परत आली. तिची स्वतंत्र पावती फाडायला लावली, मात्र मोजणीपत्रकावरील तूट तशीच ठेवली.