एकाच कामावर दोघांचा दावा आला तेव्हा

टीम लीड होऊन मला तीनच महिने झाले होते. जुन्या सिस्टीममधला ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टीममध्ये न्यायचा होता. त्यासाठी बोर्डवर एकच टिकेट होतं, ‘ग्राहक डेटा मायग्रेशन’. त्यावर नाव होतं बॅकएंड डेव्हलपरचं. पण मीटिंगमध्ये डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकारिणीला मीच म्हटलं होतं, “हे तू बघ.” दोघांनी आपापल्या स्क्रिप्ट लिहिल्या, टेस्ट डेटाबेसवर चालवल्या आणि प्रत्येक ग्राहक दोनदा दिसू लागला. मग ‘माझ्या कामात हात का घातलास’ सुरू झालं.

मी घाईने टेबलं वाटून दिली: ग्राहकांची त्याला, ऑर्डरींची तिला. हे चुकलं. त्याच्या स्क्रिप्टने ग्राहकांना नवे आयडी दिले, तिच्या ऑर्डरींत जुनेच राहिले, आणि ऑर्डरी कोणाच्याच नावावर लागेनात. दोघांना खूश ठेवण्यासाठी काम मधोमध कापलं की नेमका सांधा बेवारस राहतो.

मग मी दोघांशी वेगवेगळं बोललो. ‘काम कोणाचं?’ हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: तू नक्की काय हातात देणार, ते पूर्ण झालं हे कशावरून ठरवायचं, आणि रात्री बिघडलं तर कोण उठणार? तो बोलत होता नियमांबद्दल, म्हणजे जुनी कुठली माहिती नव्या कुठल्या रकान्यात जाईल. ती बोलत होती बॅकअप, लोडिंग आणि गरज पडल्यास सगळं मागे घेण्याबद्दल. म्हणजे बरंचसं भांडण टिकेटच्या ढोबळ नावाचं होतं, आणि ते नाव मीच दिलं होतं.

खरा वाद दोन जागी उरला: जुन्या-नव्या आयडींची जुळणी, आणि लोड करायचं की थांबायचं हा शेवटचा निर्णय. कोणत्या कामात कोणाची काय जबाबदारी हे मांडणाऱ्या ‘RACI’ तक्त्याचा उपयोग इथेच होतो. त्यात काम करणारे अनेक असू शकतात, पण अंतिम उत्तरदायी एकच. आयडींची जुळणी मी त्याच्याकडे दिली, कारण ती नियमांतूनच निघते. निर्णय तिला दिला, कारण फसलं तर डेटा पूर्ववत करणं तिच्यावरच येणार होतं. ज्येष्ठता मी मोजली नाही. त्याला हे मीटिंगच्या आधी, कारणासकट सांगितलं. तो नाराज झाला. पण नियमांना त्याची लेखी संमती मिळाल्याशिवाय लोड सुरू होणार नाही, ही अट टिकेटमध्ये आल्यावर त्याने मान्य केलं.

एका टिकेटची तीन झाली: नियम व जुळणी, लोडिंग, पडताळणी. प्रत्येकावर एकच नाव. पडताळणी तिसऱ्या सहकाऱ्याकडे दिली. दोन्हीकडच्या नोंदींची संख्या जुळवायची आणि 50 ग्राहक त्यांच्या ऑर्डरींसह हाताने तपासायचे, हेही तिथेच लिहिलं.

वाद मिटला की नुसता दबला, हे मी चॅटवर बघत होतो. आधी प्रत्येक प्रश्नाला दोघंही उत्तर द्यायचे, तेही वेगवेगळं. पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, “एकाच मोबाइल नंबरवर दोन ग्राहक असतील तर?” तिने स्वतः उत्तर न देता त्याला टॅग केलं.