पहिलं क्रेडिट कार्ड मुलांच्या हाती देण्याआधीची तयारी

कोरा कागद, कॅलेंडर, कॅल्क्युलेटर आणि नाव-नंबर झाकलेलं एखादं खरं कार्डाचं बिल, एवढं समोर घेऊन बसा. पिन आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे मुलांना माहीत असतं, त्यात वेळ घालवू नका. उधार म्हणजे काय यावरही व्याख्यान नको. सगळा वेळ एका गोष्टीसाठी राखून ठेवा, कारण घरोघरी मुलांना सांगायच्या गोष्टींतून नेमकी तीच सुटते: बिल पूर्ण भरलं नाही, अगदी थोडं बाकी ठेवलं, तरी खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदत जाते. थोडी नाही, सगळी जाते.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून गणित त्यांच्याच हातून करून घ्या. ५ मार्चला १०,००० ची खरेदी. बिल निघालं २० मार्चला, भरायची शेवटची तारीख ९ एप्रिल. त्या दिवशी ९,००० भरले, १,००० राहिले. व्याजाचा दर वर्षाला ३६ टक्के धरा. आता विचारा, व्याज किती लागेल? मुलं हजारावर एका महिन्याचं व्याज काढतात आणि ३० म्हणतात. पण बहुतेक कार्डांच्या नियमांप्रमाणे व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. म्हणजे ५ मार्च ते ९ एप्रिल हे ३५ दिवस पूर्ण १०,००० वर, सुमारे ३४५. पुढे २० एप्रिलपर्यंत उरलेल्या हजारावर आणखी ११. ३० कुठे आणि ३५६ कुठे! कार्डाच्या अटींत ‘व्याजाची आकारणी’ हा भाग उघडून आपल्या कार्डाचा नियम ताडून बघा, कारण दर आणि पद्धत कार्डागणिक बदलते.

एवढ्यावर थांबू नका. १२ एप्रिलला त्याच कार्डावर २,००० चे बूट घेतले असं धरा. मागची बाकी असल्यामुळे या बुटांनाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज १२ तारखेपासूनच सुरू. २० एप्रिलच्या बिलात त्याचे १६ येतात, एकूण व्याज ३७२. आणि ते बिल १० मेला पूर्ण भरलं तरी मधल्या २० दिवसांचे साठएक पुढच्या बिलात येतातच. ‘सगळं भरलं होतं, मग हे कसलं?’ हा प्रश्न तेव्हा पडतो. उत्तर आत्ताच कागदावर लिहून ठेवा: बाकी ठेवली की खरेदीच्या दिवसापासून व्याज, नव्या खरेदीवरही.

क्रेडिट स्कोअरचा विषय इथे काढा, आधी नको. स्कोअर बघतो तुम्ही वेळेवर भरता का आणि मर्यादेपैकी किती वापरता. फायको या अमेरिकी स्कोअर-पद्धतीत परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के आणि देणं असलेल्या रकमांना ३० टक्के वजन आहे. इतरत्र आकडे वेगळे, पण या दोन गोष्टी जड असतातच. व्याज किती गेलं ते स्कोअर बघत नाही. वरच्या उदाहरणात ९,००० वेळेवर भरल्याने बिलात दिलेली किमान रक्कम भरण्याची अट पूर्ण झाली, थकबाकीची नोंद झाली नाही, स्कोअरला धक्का लागला नाही. म्हणूनच मुलं फसतात. स्कोअर छान दिसतो आणि व्याज चालूच राहतं. चांगला स्कोअर ही उधारी स्वस्त पडत असल्याची खूण नव्हे.

मग ऑटो-पे लावायला बसा, आणि शेजारी बसूनच लावा. तिथे ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे पर्याय येतात. पूर्ण रक्कम निवडली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. किमान निवडलं गेलं तर वरचं सगळं गणित दर महिन्याला आपोआप घडेल आणि उशिराचा एकही इशारा येणार नाही. खात्यात शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पैसे हवेत. पुन्हा सांगतो: पूर्ण रक्कम. ‘जवळपास पूर्ण’ चालत नाही.

बाकीचं थोडक्यात. कार्डाने रोख काढू नका, त्याला सहसा बिनव्याजी दिवसच नसतात. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली राहिलेला बरा. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्याने तो घटत नाही. एकामागून एक अर्ज केल्याने घटू शकतो. मित्राला जामीन राहिलात तर त्याचं कर्ज तुमचंही. कर्ज घेताना हप्ता नव्हे, सगळे हप्ते मिळून किती जातात ते विचारा. पहिलं बिल आलं की एकत्र उघडा आणि व्याजाच्या रकान्यात शून्य आहे का, ते आधी बघा.