जुन्या क्लायंटना महिन्याचा ईमेल: भाव लिहिताना झालेली एक चूक

पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचं काम सुरू करून दुसरं वर्ष लागलं, तेव्हापासून मी ज्यांचे व्यवहार केले त्यांना दर महिन्याला एक ईमेल पाठवते. नव्या एजंटांना त्यातला भावाचा परिच्छेद सगळ्यात सोपा वाटतो. माझी चूक नेमकी तिथेच झाली.

जाहिरातीतला भाव म्हणजे मालकाची अपेक्षा. तो मी लिहीत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये झालेल्या व्यवहारांचा इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा दिसतो, त्यातली रक्कम घेते. पण त्यात क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं आणि ते भिंतींच्या आतलं कार्पेट की भिंतींसकटचं बिल्टअप, हे मिळकतीच्या वर्णनात शोधावं लागतं. एकदा कोथरूडमधल्या साडेसत्त्याहत्तर लाखांच्या रीसेल फ्लॅटचे 72 चौरस मीटर मी कार्पेट समजले. 10.764 ने गुणून 775 चौरस फूट आले, म्हणून चौरस फुटाचा भाव लिहिला दहा हजार. त्याच गल्लीत राहणाऱ्या एका काकांचा सकाळीच फोन आला, "अगं, आमच्याकडे भाव एवढा पडला का?" पुन्हा वाचलं तर 72 बिल्टअप होतं, कार्पेट 60. म्हणजे 646 फूट आणि भाव जवळपास बारा हजार. दुपारपर्यंत सगळ्यांना दुरुस्तीचा ईमेल पाठवला. तेव्हापासून एकाच व्यवहारावरून भाव लिहीत नाही. त्याच भागातले तीन-चार व्यवहार कार्पेटवर आणून बघते. एखादा फारच वेगळा आला, तर आधी त्यात पार्किंग किंवा टेरेस धरलंय का ते तपासते.

उपयोगी माहिती एकच देते, आणि तीही त्या महिन्यात कामाला येईल अशी. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत आहे, पण घर नव्याने घेतलेल्या अनेकांनी त्यासाठीचा पीटी-3 अर्ज भरलेलाच नसतो. नवं बिल येण्याच्या सुमारास ते लिहिलं की सगळ्यात जास्त उत्तरं येतात.

शेवटी दोन ओळी: "ओळखीत कुणी घर बघत असेल तर त्यांना विचारून माझा नंबर द्या." विचारून, कारण परस्पर आलेल्या नंबरावर मी फोन करत नाही. रेफरन्सबद्दल पैसे देण्याचं आमिष मात्र लिहू नका. रेरा कायद्याच्या व्याख्येत गृहप्रकल्पातल्या व्यवहारासाठी मोबदला घेऊन ओळख करून देणाराही एजंटच ठरतो, आणि त्याला नोंदणी लागते. आपल्या भल्या क्लायंटला त्यात का ओढायचं? मी व्यवहार झाल्यावर घरी जाऊन आभार मानते.

खाली माझा महारेरा नोंदणी क्रमांक असतो आणि "ईमेल नको असल्यास कळवा" ही ओळ. पत्ते बीसीसीमध्येच टाका, नाहीतर प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांना दिसतो.